‘हाय सर’ ते पहिली ईमेल

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी सुरक्षा सल्ल्याचं काम सुरू केलं. बडोद्याच्या एका मराठी गोदाममालकांशी फोनवर बोलणं झालं आणि मी ईमेल टाकली: ‘हाय सर, काल बोललो ना, त्याचं बघू. कधी येऊ? रेट नंतर सांगतो.’ विषयाची ओळ कोरीच. उत्तर आलं नाही.

चॅटमध्ये मागचं बोलणं वर दिसतं. पहिली ईमेल मात्र एकटीच पोचते, आणि मालक ती मॅनेजरकडे पाठवतात. त्याला ‘त्याचं’ म्हणजे काय, हे कसं कळणार? म्हणून पुन्हा लिहिली:

‘विषय: गोदामाची सुरक्षा पाहणी, १२ की १३ तारीख?

नमस्कार,
आपल्या गोदामाच्या रात्रीच्या पहाऱ्याबद्दल सोमवारी आपण फोनवर बोललो. पाहणीला तीन तास लागतील, लेखी अहवाल आठवड्यात देईन. शुल्क ८,००० रुपये, प्रवासखर्च वेगळा. १२ की १३ तारीख सोयीची, हे शुक्रवारपर्यंत कळवाल का?’

खाली पूर्ण नाव आणि फोन नंबर.

‘त्याचं’ गेलं, कामाचं नाव आलं. ‘कधी येऊ’ऐवजी दोन तारखा आल्या, त्यामुळे एका शब्दात उत्तर देता येतं. ते संध्याकाळीच आलं: ‘१३.’