बाळ पाय पोटाशी घेतं तेव्हा
आमच्या शेजारचं सात महिन्यांचं बाळ दुपारी अचानक किंचाळून पाय पोटाशी ओढू लागलं. दोन-तीन मिनिटांत शांत, मलूल. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. दादींनी घुटी काढली, आम्हीही गॅसच समजलो. रात्री हिरवी उलटी झाली, पहाटे जेलीसारखी लाल, चिकट शी. आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरला होता, सदऱ्याची बाही आत सरकावी तसा. त्याने रक्तपुरवठा दबतो. जेली दिसेपर्यंत आतड्याला इजा सुरू झालेली असते. तिची वाट पाहू नये. निदान सोनोग्राफीने होतं. वेळेत नेल्यास बहुधा गुदद्वारातून दाबाने हवा सोडून आतडं मागे ढकलतात. सडलं तर तेवढा भाग कापावा लागतो. या बाळाचं हवेनेच सुटलं. तरी डॉक्टरांनी एक दिवस ठेवून घेतलं, कारण ते पुन्हा अडकू शकतं.