बांबूचा फोटो कुठे काढायचा?

बाल्कोवा म्हणून आणलेली रोपे शेताच्या बांधावर लावली. काही वर्षांनी बेटाच्या बुंध्याशी टोकदार काड्या दिसू लागल्या आणि शेतकऱ्याला शंका आली की, हे काटस तर नव्हे? असे विचारणारा फोटो येतो तो बहुधा दहा पावलांवरून काढलेला असतो. त्यात हिरवी बेटे, पाने आणि आभाळ दिसते. बांबूची ओळख पटवायला त्यातले जवळजवळ काहीच कामाला येत नाही, कारण बहुतेक बांबूंची पाने सारखीच दिसतात. ओळख सांगतात त्या पेरावरच्या तीन खुणा: तिथल्या फांद्या, तिथले वळे आणि नव्या कोंबावरची खोळ.

सुरुवात फांद्यांपासून करावी, कारण त्या वर्षभर दिसतात. बुंध्यापासून छातीच्या उंचीपर्यंतच्या पेरांचा एकेक फोटो जवळून घ्यावा. काटस असेल तर खालच्या फांद्या आडव्या पसरून एकमेकींत गुंततात आणि त्यांच्या पेरांवर दोन-दोन, तीन-तीन आकड्यासारखे वळलेले काटे असतात. बाल्कोवाच्या खालच्या फांद्याही कडक आणि बिनपानाच्या असतात, टोकेही बोचतात. पण ती आखूड राहिलेली फांदीच असते; तिच्यावर वळलेला काटा नसतो. लांबून दोन्ही सारखेच भासतात, म्हणून हा फोटो हातभर अंतरावरून काढायचा. कोकणातला माणगा या घोळात येतच नाही, कारण त्याची काठी खालून बरीच मोकळी असते आणि फांद्या मध्यापासून वर सुटतात.

दुसरी खूण वळ्याची. प्रत्येक पेरावर दोन रेषा असतात. खालची रेषा म्हणजे खोळ गळून गेल्याची कड, वरची म्हणजे पेराचा उंचवटा, आणि दोहोंच्या मधे डोळा. बाल्कोवाचे पेर जाड, फुगीर असते, वळ्याच्या वर पांढुरका पट्टा आणि खाली केसाळ भाग दिसतो. विदर्भातल्या मानवेलाचीही खालची पेरे थोडी फुगतात, अनेकदा त्यांना मुळ्या फुटतात. भरीवपणावर मात्र एकट्याने विसंबू नये. कोरड्या, मुरमाड जागी मानवेल जवळपास भरीव होतो, तर ओलाव्याच्या जमिनीत तोच मधे पोकळ राहतो.

तिसरी खूण सगळ्यांत बोलकी, पण मिळते फक्त पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडा काळ. कोंब वर येताना प्रत्येक पेराला एक खोळ असते. ती गळण्याआधी, किंवा नुकतीच खाली पडलेली असताना, बाहेरून आणि आतून असे दोन फोटो घ्यावेत. तिच्या टोकाला छोटे पाते असते, त्याची आतली बाजू हमखास दाखवावी. काटसाच्या पात्याच्या आत गडद, राठ केस दाटलेले असतात आणि कोवळी खोळ नारिंगी-पिवळी दिसते. मानवेलाच्या खोळीवर बाहेरून सोनेरी-तपकिरी राठ केस असतात, पण रुक्ष भागात ते विरळ होतात किंवा नसतातही. म्हणून एका खोळीवर निकाल देऊ नये, वरची आणि खालची अशा दोन तरी पाहाव्यात. शेजारी मोजपट्टी ठेवली तर आकाराचा अंदाजही चुकत नाही.

वरच्या शेतकऱ्याच्या फोटोत आखूड काड्या होत्या, वळलेले काटे नव्हते आणि पेरावर पांढुरका पट्टा स्पष्ट होता. ते बाल्कोवाच निघाले. मग खरा प्रश्न उरला तो बेटाच्या तब्येतीचा.

बांबूची काठी जमिनीतून निघते तीच पूर्ण जाडीची. नंतर ती जाड होत नाही. त्यामुळे दरवर्षीच्या काठ्यांची जाडी म्हणजे बेटाचा इतिहासच. यंदाच्या काठीला खोळी चिकटलेल्या असतात आणि अंगावर पांढरी भुकटी असते. गेल्या वर्षीची स्वच्छ हिरवी, फांद्या धरलेली. त्याहून जुनी फिकट होते आणि तिच्यावर दगडफुलाचे ठिपके चढतात. या बेटात 28 काठ्या होत्या. त्यांतल्या 12 जुन्या साधारण 4 सेंटिमीटर जाडीच्या, गेल्या वर्षीच्या 9 सहाच्या, यंदाच्या 7 सातच्या. जाडी चढती आहे, म्हणजे कंद जोमात आहेत. हाच आकडा उतरता असता तर पाणी, खत किंवा कोवळ्या काठ्यांची अति तोड, यांपैकी कशात तरी गडबड शोधावी लागली असती.

एक दोष मात्र होता. नवे कोंब बेटाच्या बाहेरच्या बाजूने यायला हवेत. इथे दोन कोंब जुन्या काठ्यांच्या मधे अडकून वाकडे झाले होते. गर्दी व्हायला लागल्याची ही पहिली खूण. उपाय म्हणून मधल्या जुन्या 12 पैकी सहा काठ्या पावसाळा संपल्यावर, हिवाळ्यात काढायच्या. नव्या आणि गेल्या वर्षीच्या एकाही काठीला हात लावायचा नाही, कारण पुढचे कोंब पोसायची ताकद त्यांच्यातच असते. काप जमिनीपासून पहिल्या-दुसऱ्या पेराच्या लगेच वर घ्यावा. मधल्या कांड्यात कापले तर उरलेल्या थुटात पेल्यासारखे पाणी साचते आणि तिथूनच सड कंदात उतरते.