विश्लेषण : फोटोतल्या छापील हिशेबाची पुन्हा एक्सेल शीट कशी करायची? आणि एकूण बेरीज जुळली नाही तर चूक कोणाची?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो येतो. सूचना फलकावर लावलेल्या खर्चाच्या तक्त्याचा. खाली ओळ असते : ‘वरील खर्चानुसार मेंटेनन्स दरमहा १,८०१ रुपये प्रस्तावित’. सभा रविवारी असते. मूळ एक्सेल फाइल खजिनदारांच्या लॅपटॉपमध्ये आणि सभासदांच्या हातात फक्त फोटो. कागदावर आकडे दिसतात, पण ते आकडे कोणत्या सूत्रातून आले ते दिसत नाही. तरीही तक्ता पुन्हा उभा केला आणि बेरजा नव्याने केल्या, तर मूळ सूत्र काय असावे, हे बऱ्याचदा शोधून काढता येते. ते कसे, हे उदाहरणाने पाहू.

फोटोत नेमके काय आहे?

उदाहरणासाठी ४० सदनिकांच्या सोसायटीचा तीन महिन्यांचा तक्ता घेऊ. कागदावर छापलेले आकडे असे आहेत.

| तपशील | एप्रिल | मे | जून | एकूण |
|---|---|---|---|---|
| सुरक्षारक्षक | ३६,००० | ३६,००० | ३६,००० | १,०८,००० |
| सफाई | १४,५०० | १४,५०० | १४,५०० | ४३,५०० |
| सामाईक वीज | ११,८६० | १३,२४० | १२,४८० | ३७,५८० |
| लिफ्ट देखभाल | ६,००० | ६,००० | ६,००० | १८,००० |
| किरकोळ दुरुस्ती | २,३५० | ४,७८० | १,९२० | ९,०५० |
| पाण्याचे टँकर | १८,९०० | २३,४०० | १६,२०० | ५८,५०० |
| एकूण | ७०,७१० | ७४,५२० | ७०,९०० | २,१६,१३० |

शेवटच्या आकड्याला ४० सदनिका आणि ३ महिन्यांनी, म्हणजे १२० ने भागले की १,८०१ रुपये येतात. वरवर पाहता सगळे ठीक. व्हॉट्सॲपवर घाईत पाहणाऱ्याला तर यात काहीच खटकणार नाही.

तक्ता मोबाइलमध्ये कसा उतरवायचा?

एक्सेलच्या मोबाइल ॲपमध्ये `Data from Picture` ही सोय आहे. फोटो निवडायचा, तक्त्याभोवती चौकट नीट बसवायची, आणि ॲपला शंका असलेले आकडे ते दाखवते तेव्हा एकेक तपासून मगच शीटमध्ये घालायचे. फोटो समोरून, सावली न पडू देता काढलेला हवा. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो दाबला जातो आणि बारीक अंक पुसट होतात, त्यामुळे तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवून घेतलेला बरा. मराठी तपशिलाच्या बाबतीत ॲपवर विसंबू नये. सहाच नावे आहेत, ती हाताने टंकावीत.

येथे बहुतेक जण एक चूक करतात. छापील बेरजाही इतर आकड्यांसारख्याच उतरवतात आणि तिथेच थांबतात. मग शीट कागदासारखी दिसते, पण ती कागदाचा फोटोच असते, फक्त वेगळ्या रूपात. याच्या उलटही होते. छापील बेरीज खोडून तिथे नवे सूत्र टाकले जाते आणि तुलना करायला काही उरत नाही. त्यामुळे दोन्ही ठेवायचे. छापील बेरीज E रकान्यात आणि आठव्या ओळीत निव्वळ आकडा म्हणून राहू द्यायची. आपली बेरीज तिच्या शेजारी, आणि त्यापुढे फरक.

```
F2: =SUM(B2:D2)
G2: =F2-E2
B9: =SUM(B2:B7)
B10: =B9-B8
```

पहिली दोन सूत्रे सातव्या ओळीपर्यंत खाली ओढायची, शेवटची दोन D रकान्यापर्यंत उजवीकडे. पण फरक पाहण्याआधी एक छोटी चाचणी करावी.

```
=COUNT(B2:D7)
```

उत्तर १८ यायला हवे, कारण ६ ओळी गुणिले ३ महिने. १७ आले तर एखादा आकडा एक्सेलला आकडा वाटतच नाही. फोटो वाचताना शून्याच्या जागी इंग्रजी O आला, की तो मजकूर ठरतो. `SUM` असा मजकूर मुकाट्याने सोडून देते, कोणतीही सूचना न देता. असे कप्पे बहुधा डावीकडे सरकलेले दिसतात, कारण आकडे उजवीकडे आणि मजकूर डावीकडे लागतो.

आधी स्वतःच्या चुका कशा शोधायच्या?

समजा, जूनच्या रकान्यावर सावली होती म्हणून तो हाताने टंकला. फरकाचे रकाने पाहिले तर दोन ओळी आणि तिन्ही महिने जुळत नाहीत. अशा वेळी लगेच खजिनदारांना मेसेज टाकायचा मोह होतो. तो आवरावा. निम्म्या चुका उतरवणाऱ्याच्या असू शकतात.

ओळींपासून सुरुवात करू. सामाईक विजेच्या ओळीत फरक ५,००० आहे. फरकात एकच अंक आणि पुढे शून्ये असतील, तर बहुधा एकच अंक चुकीचा वाचला गेलेला असतो, इथे हजाराच्या जागेचा. फोटो मोठा करून पाहिला तर मे महिन्याचे १३,२४० हे १८,२४० असे उतरले आहेत. पुसट ३ आणि ८ यांची अशी गल्लत हमखास होते.

किरकोळ दुरुस्तीच्या ओळीत फरक उणे ६३० आहे. ६३० ला ९ ने पूर्ण भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटे टंकले गेले, की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो. जुन्या वहीवाल्या हिशेबनिसांची ही ठेवणीतली युक्ती आहे. आणखी खोलात गेले तर ६३० म्हणजे ९० च्या सातपट. म्हणजे दशक आणि शतकाचे अंक उलटले असावेत आणि त्या दोन अंकांत ७ चा फरक असावा. जूनचे १,९२० हे १,२९० झाले होते. ९ आणि २. अर्थात ९ ने भाग गेला म्हणजे अंक उलटलेच, असे नाही. तो केवळ इशारा असतो, खात्री फोटो पाहूनच करायची.

या दोन दुरुस्त्या केल्या की G रकान्यात सगळीकडे शून्य येते. म्हणजे १८ आकडे आणि ६ छापील ओळबेरजा एकमेकांशी जुळल्या. आता उरलेला फरक उतरवणाऱ्याचा असण्याची शक्यता फारच कमी.

मग खालची बेरीज का जुळत नाही?

दहाव्या ओळीत आता तीन फरक उरतात. एप्रिल १८,९००, मे २३,४००, जून १६,२००. हे आकडे ओळखीचे वाटतात, कारण ती टँकरची ओळच आहे, जशीच्या तशी. एका महिन्यात असे झाले असते तर योगायोग म्हणता आला असता, तिन्ही महिन्यांत तो होत नाही. अंदाज पडताळायला मूळ सूत्र काय असावे ते लिहून पाहायचे.

```
=SUM(B2:B6)
```

उत्तर ७०,७१०. छापील आकडा तोच. मे आणि जूनमध्येही तेच. छापील बेरीज टँकरची ओळ सोडून केलेली आहे.

हे कसे होते? तक्ता बनला तेव्हा खर्चाच्या पाचच ओळी होत्या आणि सहाव्या ओळीपर्यंतची बेरीज बरोबर होती. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले. बेरजेच्या नेमकी वर नवी ओळ घातली गेली. बेरीज एक ओळ खाली सरकली, पण सूत्रातील पल्ला B6 लाच थांबला. ओळ मध्ये कुठे घातली असती तर पल्ला आपोआप वाढला असता. अगदी शेवटी घातली, की तो वाढेलच असे नाही. संगणकावर एक्सेल अशा कप्प्याच्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण दाखवते, शेजारचे आकडे सुटल्याची खूण म्हणून. तो त्रिकोण कागदावर छापला जात नाही.

ही चूक केवळ सोसायटीपुरती नाही. अर्थतज्ज्ञ कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या सरकारी कर्ज आणि विकासदरावरील २०१० च्या गाजलेल्या निबंधात सरासरीचा पल्ला ४९ व्या ओळीऐवजी ४४ व्या ओळीवर थांबला होता आणि पाच देश गणितातून सुटले होते. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील विद्यार्थी थॉमस हर्नडन याने ते आकडे पुन्हा मांडताना ही चूक पकडली. निबंधावरील आक्षेपांत या चुकीचा वाटा तुलनेने लहान होता, इतर मुद्दे मोठे होते. पण सूत्रातील पल्ला त्याला दिसला, कारण लेखकांनी त्याला मूळ फाइल दिली होती.

दरमहा आकडा किती बदलतो?

टँकर धरून तीन महिन्यांचा खर्च २,७४,६३० रुपये होतो. १२० ने भागल्यावर प्रत्येक सदनिकेमागे दरमहा २,२८९ रुपये येतात, म्हणजे प्रस्तावापेक्षा ४८८ रुपये जास्त. सभेने १,८०१ मंजूर केले आणि खर्च असाच राहिला, तर दर तिमाहीला ५८,५०० रुपयांची तूट पडेल आणि ती कधीतरी एकरकमी वर्गणी म्हणून समोर येईल. तक्ता तपासणाऱ्याच्या हाती येथे एक अप्रिय गोष्ट लागते : चूक दाखवली, की मेंटेनन्स वाढतो. तिमाही उन्हाळ्याची आहे, पावसाळ्यानंतर टँकर थांबले तर वर्षाची सरासरी २,२८९ पेक्षा कमी असेल, हेही सभेत सांगायला हवे.

फोटोवरून काय सिद्ध होत नाही?

टँकर चुकून सुटले की मुद्दाम वगळले, हे तक्ता सांगत नाही. काही सोसायट्या टँकरचे पैसे वेगळे गोळा करतात. तसे असेल तर बेरीज योग्य आहे, फक्त ती ओळ ‘एकूण’च्या वर नको होती. उलट फरक असता, म्हणजे छापील बेरीज आपल्यापेक्षा जास्त असती, तर आधी लपवलेल्या ओळींची शंका घ्यावी लागली असती. एक्सेलमध्ये लपवलेली ओळ छापली जात नाही, पण साधे `SUM` तिला मोजते. आणि सगळे जुळले तरी बिलावरचा आकडाच मुळात चुकीचा भरला असेल, तर कोणतीही बेरीज ते पकडणार नाही. त्यासाठी पावत्याच पाहाव्या लागतात.

त्यामुळे ग्रुपवर ‘हिशेबात घोळ’ असे लिहिण्यापेक्षा खजिनदारांना दोनच प्रश्न विचारावेत. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरला आहे का? आणि B8 कप्प्यातील सूत्र काय आहे? लॅपटॉपवर शीट उघडून `Ctrl` आणि 1 च्या डावीकडची ` कळ एकत्र दाबली, की आकड्यांच्या जागी सगळी सूत्रे दिसू लागतात. गूगल शीट्समध्येही हीच कळ चालते. तिथे `B2:B6` दिसले तर 6 च्या जागी 7 करायचे, चारही रकान्यांत, आणि नवा कागद फलकावर लावायचा. पुढच्या वेळी ओळ सुटू नये म्हणून बेरजेच्या वर एक रिकामी ओळ ठेवून तिलाही पल्ल्यात घ्यावे. नवी ओळ त्या रिकाम्या ओळीच्या वर घातली, की पल्ला स्वतःच वाढतो.