त्राटक : डोळ्यांत पाणी आले की थांबावे

त्राटक हे हठयोगातील षट्कर्मांपैकी एक. पाणी येईपर्यंत एका सूक्ष्म बिंदूकडे पाहावे, असे 'हठप्रदीपिके'त सांगितले आहे. अनेक साधक मात्र पाणी आल्यानंतरही डोळे ताणून धरतात. पापणी न लवल्याने बुबुळावरील ओलावा सुकतो आणि अश्रू येतात. ती थांबण्याची खूण होय.

मेणबत्ती दोन-तीन फुटांवर, ज्योत डोळ्यांच्या पातळीवर येईल अशी ठेवावी. परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात पंख्यावाचून बसवत नाही आणि पंख्याने ज्योत हलते. शिवाय रात्री तिच्यावर कीटक झेपावतात. म्हणून सकाळी खोली अंधारी करून बसणे इष्ट.

वातीच्या टोकाशी दृष्टी ठेवावी. पाणी येताच डोळे मिटून भ्रूमध्यात उमटलेली ज्योत पाहावी. ती विरल्यावर पुन्हा आरंभ करावा. तीन आवर्तने पुरेत. शेवटी तळहातांनी डोळे हलकेच झाकावेत, चोळू नयेत.

कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढावी. काचबिंदू, दृष्टिपटलाचे विकार, अपस्मार, अर्धशिशी अथवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याविना हे करू नये. जळजळ किंवा समोरील डाग बराच वेळ टिकल्यास अभ्यास थांबवून डोळे तपासून घ्यावेत. त्राटकाने चष्म्याचा क्रमांक उतरेल, अशी अपेक्षा ठेवू नये.