पलंगावरून पाय टेकवण्याआधी

पहाटे साडेपाचला गजर वाजतो. पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक काकू पाय जमिनीवर टेकवतात आणि उजव्या टाचेत खिळा ठोकावा तशी कळ येते. भिंतीचा आधार घेत, चवड्यावर भार देत त्या मोरीपर्यंत जातात. पाच-दहा मिनिटांत कळ ओसरते, कणीक मळून होईपर्यंत विसरायलाही होते. दुपारी जेवून घटकाभर बसल्या आणि उठल्या, की पुन्हा तेच. माझ्याकडे व्यायामोपचारासाठी त्या आल्या तेव्हा हे चार महिने चाललं होतं. हातात एक्स-रेचं पाकीट होतं आणि पहिलाच प्रश्न होता, "ताई, हाड वाढलंय म्हणतात. कापावं लागेल का हो?"

मी त्यांना पाकीट बाजूला ठेवायला सांगितलं. टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला अंगठ्याने दाबलं तेव्हा त्या एकदम दचकल्या. टाच दोन्ही बाजूंनी तळहातात धरून दाबली, तेव्हा मात्र काहीच दुखलं नाही. सकाळच्या पहिल्या पावलांची कळ आणि बोट ठेवून दाखवता येईल असा हा एक बिंदू, एवढ्यावरून बहुतेक वेळा दुखणं ओळखता येतं. त्याला प्लांटार फॅशिआयटिस म्हणतात.

आपल्या तळपायात कातडीखाली एक जाड, चिवट पट्टा असतो. टाचेच्या हाडापासून निघून तो पुढे पसरत जातो आणि पाचही बोटांच्या मुळाशी पोहोचतो. तळव्याची कमान धनुष्य मानली, तर हा पट्टा म्हणजे त्याची दोरी. पायाचा अंगठा हाताने नडगीकडे ओढून दुसऱ्या हाताने तळवा चाचपून पाहा, ही दोरी ताठ झालेली बोटांना स्पष्ट लागते. हिक्स या ब्रिटिश डॉक्टरांनी 1954 साली यामागची रचना मांडली. रहाटावर दोर गुंडाळला की पोहरा वर येतो, तसा बोटं वर वळली की हा पट्टा त्यांच्या मुळाशी गुंडाळला जातो, ताणला जातो आणि कमान उचलली जाते. प्रत्येक पावलागणिक हे घडत असतं, आणि सगळ्यात जास्त ओढ बसते ती टाचेजवळच्या टोकावर.

झोपेत आपलं पाऊल खाली झुकलेलं असतं. सहा-सात तास पट्टा सैल आणि आखडलेला राहतो. मग आपण उठतो आणि एका क्षणात सगळ्या अंगाचा भार टाकून तो ताणतो. आधीच झिजलेल्या टोकाला ही अचानक ओढ सोसत नाही. चार पावलं चालल्यावर पट्टा मोकळा होतो, म्हणून कळही ओसरते.

झिजलेलं टोक असं मी मुद्दाम म्हणते. नावातल्या 'आयटिस'चा अर्थ दाह. पण 2003 साली शस्त्रक्रियेत काढलेल्या 50 जणांच्या पट्ट्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले, तेव्हा त्यांत दाहाच्या खुणा दिसल्या नाहीत. तंतूंची झीज आणि विस्कटलेली वीण दिसली. म्हणूनच वेदनाशामक गोळीने दोन दिवस बरं वाटतं आणि दुखणं परत येतं. आणि वाढलेल्या हाडाचं म्हणाल, तर टाच कधीही न दुखलेल्या पुष्कळ माणसांच्या एक-रेतही ते दिसतं. काकूंची टाच बरी झाली तरी ते हाड तिथेच राहणार होतं, हे मी त्यांना तेव्हाच सांगून टाकलं.

त्यांना पहिल्या दिवशी मी एकच ताण शिकवला. सकाळी जाग आल्यावर पाय जमिनीला लावायचा नाही. पलंगाच्या कडेला बसायचं, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर आडवा घ्यायचा. पाचही बोटं त्यांच्या मुळाशी धरून नडगीकडे ओढायची. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर फिरवून पट्टा तारेसारखा ताठ झालाय का ते पाहायचं. ताठ झाला की दहा आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा. दिवसातून तीनदा, त्यातलं एकदा पहिल्या पावलाआधी आणि एकदा बराच वेळ बसून उठण्याआधी. हा ताण 2003 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात नेहमीच्या पोटरीच्या ताणाशी ताडून पाहिला गेला, आणि आठ आठवड्यांनी सकाळच्या कळेवर याचा गुण जास्त दिसला.

आठवड्याने काकू म्हणाल्या, "काही फरक नाही." मी करून दाखवायला सांगितलं. त्या बोटांची फक्त टोकं धरून हिसके देत होत्या. टोकं वाकत होती आणि पट्टा सैलच राहत होता. शिवाय ताण घेत होत्या तो मोरीतून परत आल्यावर, म्हणजे पट्ट्याला बसायचा तो धक्का बसून गेल्यावर. या दोन गोष्टी सुधारल्या आणि तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा त्यांनी भिंत न धरता मोरी गाठली.

मग पोटरीचा ताण जोडला. पोटरी आखडलेली असेल तर चालताना टाच लवकर उचलली जाते आणि भार पट्ट्यावर येतो. भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे ठेवायचा, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली आणि बोटं समोर. पोटरीत ओढ जाणवेपर्यंत पुढे झुकून 30 आकडे थांबायचं, तीनदा. नंतर हेच गुडघा थोडा वाकवून. टाच उचलली गेली किंवा पाऊल बाहेर वळलं, की ताण निसटतो.

दुखणं निम्म्यावर आल्यावर पट्ट्याला बळकट करायचं असतं. पायरीवर उभं राहून बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची. तीन आकड्यांत टाच वर, दोन आकडे थांबून तीन आकड्यांत खाली, असं बारा वेळा, एक दिवसाआड. सुरुवातीला दोन्ही पायांवर, कठड्याला धरून.

काकूंच्या दुखण्याचं मूळ स्वयंपाकघरात होतं. टाइल्सवर अनवाणी रोज सहा तास उभं राहणं. त्यांनी ओट्याजवळ जाड रबरी चटई अंथरली आणि घरात वापरायला मऊ तळाची चप्पल घेतली, तिची एक जोडी पलंगापाशीच असायची. रुईचा पाला घालून विटेचा शेक त्या आधीपासून घेत होत्या. तेवढ्यापुरता आराम पडतो, घ्यायला हरकत नाही. मात्र मधुमेहाने पाय बधिर असतील तर शेक नको, भाजल्याचं कळतही नाही.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल त्यांनी विचारलं होतं. काही आठवडे आराम मिळतो, पण पट्टा फाटण्याचा आणि टाचेची गादी पातळ होण्याचा धोका असतो, म्हणून ते शेवटी ठेवावं. ताणांना वेळ लागतो. बहुतेकांचं दुखणं शस्त्रक्रियेशिवाय सहा महिने ते वर्षभरात जातं. मात्र टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, तळव्याला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, चालताना 'टक्' होऊन तळवा काळानिळा पडला असेल, किंवा दोन्ही टाचांबरोबर सकाळी कंबरही अर्धा-पाऊण तास आखडत असेल, तर हे दुखणं वेगळं असू शकतं. तिथे ताण करत बसू नये, डॉक्टरांना दाखवावं.

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी आल्या तेव्हा काकू सलग चार दिवस उभ्या होत्या आणि कळ परतली. घाबरून त्यांनी फोन केला. मी ताण पुन्हा तीनदा सुरू करायला सांगितले. दहा दिवसांत कळ ओसरली. संक्रांतीच्या सुमारास त्या तिळगूळ घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ताई, आज चहा टाकून झाल्यावर आठवलं, सकाळी पाय ओढायचा राहूनच गेला."