सेफ्टी नेमकं काय अडवते?

चेंबरमध्ये काडतूस असलेलं पिस्तूल नको तेव्हा सुटतं, त्याची कारणं मोजकीच असतात. चाप नकळत दाबला जातो, कधी बोटाने, कधी होल्स्टरमध्ये अडकलेल्या सदऱ्याच्या टोकाने. पिस्तूल हातातून पडतं आणि आतली फायरिंग पिन धक्क्याने पुढे सरकते. ताणलेला घोडा अंगठ्याने हळूच खाली आणताना निसटतो. किंवा पिस्तूल रिकामं आहे अशा समजुतीत कुणीतरी चाप ओढतं. बाहेरून दिसणारी प्रत्येक सेफ्टी यांतल्या एखाददुसऱ्या कारणाचाच बंदोबस्त करते. ‘लॉक लावलंय’ असं म्हणणाऱ्याला आपण यातलं काय अडवलंय आणि काय मोकळं ठेवलंय, हे माहीत असायला हवं.

हे समजून घ्यायला अमेरिकन सैन्याचं एम १९११ हे पिस्तूल सगळ्यांत सोयीचं. जॉन ब्राउनिंग यांची ही रचना मार्च १९११मध्ये सैन्याने स्वीकारली. आदल्या वर्षीच्या नमुन्यात फक्त ग्रिप सेफ्टी होती. अंगठ्याने लावायची सेफ्टी घोडदळाच्या आग्रहाने आली. स्वाराचा एक हात लगामात असतो. गोळी झाडून झाली की मागे ताणलेला घोडा खाली उतरवायला दुसरा हात मोकळा नसतो. त्याला हवी होती एका अंगठ्याने वर सरकणारी कळ, म्हणजे ताणलेलं पिस्तूल तसंच होल्स्टरमध्ये ठेवता येईल. त्यामुळे या एकाच पिस्तुलावर दोन सेफ्ट्या आहेत आणि दोघींची कामं वेगळी आहेत.

अंगठ्याची सेफ्टी वर केली की ती आतल्या खिट्टीला जखडते. ही खिट्टीच ताणलेल्या घोड्याला अडकवून धरते आणि चाप ओढला की तीच त्याला सोडते. खिट्टी हलेना, तर चाप कितीही दाबला तरी घोडा पडत नाही. सोबत स्लाइडही जागच्या जागी अडकते. घोडा आधीच खाली असेल तर मात्र ही सेफ्टी लागतच नाही.

ग्रिप सेफ्टी म्हणजे मुठीच्या मागच्या बाजूला असलेली स्प्रिंगवरची वाकडी पट्टी. तळहाताने ती आत दाबली जात नाही तोवर चाप मागे जात नाही. तिचं काम इतकंच. घोडा किंवा खिट्टी यांच्याशी तिचा संबंध नाही. पिस्तूल हातातून सुटलं, पिशवीत नुसतं पडलं असलं किंवा कुणी मूठ न धरता नुसता चाप खेचला, तर ती उपयोगी पडते. पण माणसाने पिस्तूल नीट धरलं की ती आपोआप निघते, कारण ती बनवलीच त्यासाठी आहे.

पिस्तूल अंगावर बाळगणाऱ्यांची फसगत इथेच होते. बाळगण्यातला सर्वांत नाजूक क्षण म्हणजे पिस्तूल परत होल्स्टरमध्ये घालण्याचा. सदऱ्याचा काठ किंवा जॅकेटची नाडी चापापुढे आली आणि वरून पिस्तूल खाली रेटलं, तर कापड बोटासारखंच चाप ओढतं. त्या क्षणी आपली मूठ पिस्तुलावर घट्ट असते, म्हणजे ग्रिप सेफ्टी दाबलेली असते. तिचा काहीच अडथळा होत नाही. अंगठ्याची सेफ्टी लावलेली असेल तरच गोळी अडते. म्हणून ‘ग्रिप सेफ्टी आहे, मग दुसरी कशाला?’ हा हिशेब चुकीचा आहे.

आणि पिस्तूल तोंडावर पडलं तर? जुन्या १९११मध्ये फायरिंग पिन स्प्रिंगच्या जोरावर मागे राहते, बाकी तिला काही धरून ठेवत नाही. पिस्तूल पुरेशा उंचीवरून नळीच्या तोंडावर कडक फरशीवर आदळलं, तर पिन स्वतःच्या वजनाने पुढे जाऊन काडतुसाच्या बुडाशी असलेल्या प्रायमरवर आपटू शकते. इथे चाप हललेला नाही, घोडाही हललेला नाही, त्यामुळे बाहेरच्या दोन्ही सेफ्ट्या लावलेल्या असल्या तरी त्या काहीच करू शकत नाहीत. हे अडवणारा भाग स्लाइडच्या आत असतो. चाप पूर्ण मागे ओढल्याशिवाय पिनची वाट मोकळी न करणारा छोटा अडसर. कोल्टने १९८०च्या दशकात आपल्या सीरिज ८० पिस्तुलांत तो घातला. आजच्या बहुतेक नव्या रचनांत तो असतो. ग्लॉकसारख्या पिस्तुलावर बाहेर एकही कळ नसते, संरक्षण चापाच्या पात्यात आणि अशा आतल्या अडसरांत असतं. तिथे चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर नसेल, तर सदऱ्याच्या काठापासून वाचवणारं काहीच उरत नाही.

आता डिकॉकर. तो कशासाठी आला हे पाहिलं की त्याची मर्यादाही कळते. १९२९च्या वाल्थर पीपीपासून पुढे अशी पिस्तुलं आली, ज्यांत घोडा खाली असतानाही चाप ओढून पहिली गोळी झाडता येते. हा पहिला ओढा लांब आणि जड असतो. बेरेटा ९२मध्ये तो साधारण साडेपाच किलोचा. गोळी सुटली की स्लाइड मागे येऊन घोडा ताणते आणि पुढचा ओढा आखूड, जेमतेम सव्वादोन किलोचा होतो. अशा हलक्या चापानिशी पिस्तूल परत कमरेला खोचणं धोक्याचं, म्हणून घोडा खाली आणायला हवा. पण चेंबरमध्ये काडतूस असताना घोडा हाताने उतरवायचा, तर अंगठ्याने तो धरून चाप ओढावा लागतो. घामाने किंवा थंडीने अंगठा निसटला की गोळी सुटते. डिकॉकर नेमका हा एक अपघात टाळतो. कळ दाबली की तो घोडा खाली पाडतो, पण पिनपर्यंत घाव पोचू देत नाही. तरीही हे करताना नळी सुरक्षित दिशेलाच हवी, कारण झिजलेल्या यंत्रावर शंभर टक्के भरवसा ठेवता येत नाही.

डिकॉकर ही सेफ्टी नव्हे. सिग पी २२६वरची कळ घोडा उतरवते आणि परत आपल्या जागी येते. त्यानंतर चाप ओढला, तर जड ओढ्याने का होईना, गोळी सुटणारच. बेरेटात तर एकसारख्या दिसणाऱ्या कळीचे दोन अर्थ आहेत. अमेरिकन सैन्याने १९८५मध्ये एम ९ म्हणून घेतलेल्या प्रकारात कळ खाली केली की घोडा उतरतो, आणि ती तिथेच राहिली तर चापही निकामी राहतो. जी प्रकारात ती स्प्रिंगने वर परतते, म्हणजे पिस्तूल झाडायला तयार. शिवाय एम ९वर कळ खाली म्हणजे सुरक्षित आणि १९११वर खाली म्हणजे सुटायला तयार. एका पिस्तुलाची सवय लागलेल्या हाताने दुसरं उचललं, तर कळ चुकीच्या बाजूला जाण्याची भीती खरी आहे.

अशा पिस्तुलाचा एक फायदा मात्र मला फार मोलाचा वाटतो. उतरवलेल्या घोड्यावर अंगठा ठेवून पिस्तूल होल्स्टरमध्ये सरकवलं, तर चापात कापड अडकल्याबरोबर घोडा अंगठ्याखाली वर उचलला जातो. हाताला ते कळतं आणि माणूस थांबतो.

घरी ठेवण्याचा प्रश्न याहून वेगळा आहे आणि तिथे या तिन्ही कळा जवळजवळ कुचकामी आहेत. लहान मुलाच्या हाती पिस्तूल आलं, तर ते मोठ्यांसारखं धरेलच असं नाही. नळी स्वतःकडे करून, चार बोटं मुठीमागे घालून दोन्ही अंगठ्यांनी ते चाप ढकलू शकतं. चार बोटांनी ग्रिप सेफ्टी आपसूक दाबली जाते. दोन अंगठ्यांपुढे जड ओढाही पुरा पडेलच असं नाही. राहिली अंगठ्याची कळ, ती तर खेळताखेळता वरखाली होते.

रिकामं करण्यातही एक बारकावा आहे. १९११ची सेफ्टी स्लाइडला जखडते, त्यामुळे चेंबर तपासायला ती आधी काढावीच लागते. म्हणजे पिस्तूल रिकामं करण्याच्या ऐन वेळी सेफ्टी निघालेली असते. एम ९ची कळ स्लाइडवरच असल्याने ती लावून ठेवूनही चेंबर रिकामं करता येतं.

आपल्याकडच्या पोलिसांच्या आणि सैन्याच्या ओळखीचं पिस्तूल म्हणजे इशापूरच्या रायफल फॅक्टरीतलं ९ मिमी १ए. त्याचं मूळ १९३५च्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये आहे. त्या मूळ रचनेत आणखी एक सेफ्टी आहे. मॅगझिन बाहेर काढलं की चाप काम करत नाही. समजा, कुणी घाईत क्रम उलटा केला. आधी स्लाइड ओढली, चेंबरमधलं काडतूस बाहेर पडलं. स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं दुसरं काडतूस आत घेऊन गेली. मग त्याने मॅगझिन काढलं. खात्री करायला चाप ओढला, काहीच झालं नाही. त्याच्या लेखी पिस्तूल रिकामं झालं. खरं तर चेंबर भरलेलं आहे, घोडा ताणलेला आहे, फक्त मॅगझिन नसल्याने चाप मुका आहे. पुढे कुणी त्यात मॅगझिन घातलं, अगदी रिकामं जरी, की तो चाप पुन्हा जिवंत होतो. सुरक्षेसाठी बसवलेल्या भागानेच इथे खोटी ग्वाही दिली.

म्हणून चाप ओढून खात्री करू नये, डोळ्यांनी आणि बोटाने करावी. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. आधी मॅगझिन काढायचं. मग स्लाइड मागे ओढून अडकवायची आणि चेंबरमध्ये पाहायचं. प्रकाश कमी असेल तर करंगळी घालून चाचपायचं. मॅगझिनची जागाही तशीच पाहायची. हा क्रम .३२ बोअरच्या परवान्याच्या पिस्तुलालाही लागू आहे. निवडणुकीच्या आधी पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करायला निघताना तर तो घरीच, घाई न करता पार पाडावा. ठाण्यातल्या टेबलापाशी गर्दीत पिस्तूल रिकामं करत बसू नये.

ज्यांच्या घरात परवान्याचं पिस्तूल आहे त्यांना एकच विनंती. आज ते कपाटातून काढा, वरच्या क्रमाने रिकामं करा आणि कुलपात ठेवा. काडतुसं दुसऱ्या कुलपात ठेवा आणि दोन्ही किल्ल्या मुलांना ठाऊक नसलेल्या जागी. सेफ्टी लावलेली असली तरी हे करा.