पाव गाडीचं गणित

सस्पेन्शनचा अभ्यास करणारे इंजिनिअर आधी गाडीचा चौथा हिस्साच कागदावर घेतात: एक चाक आणि त्याच्यावर येणारं बॉडीचं वजन. समजा, बॉडी 300 किलो, चाक 40 किलो. दोघांमध्ये स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर. चाकाखाली टायर, तोही स्प्रिंगच, पण नऊपट ताठ.

स्प्रिंग एक सेंटिमीटर दाबायला साधारण 20 किलोचा भार लागत असेल, तर बॉडी सेकंदाला सव्वा वेळा डुलते. हे अंगाला सोसतं. स्प्रिंग दुप्पट ताठ केली की हा वेग 1.7 च्या आसपास जातो आणि खड्डे पाठीपर्यंत पोचतात. मग आणखी मऊच का नको? मागच्या चाकावर 100 किलो सामान आलं, तर हीच स्प्रिंग पाच सेंटिमीटर बसते. त्याहून मऊ केली, तर गाडी बूड टेकवेल.

चाकाची उडी मात्र वेगळीच, सेकंदाला अकराच्या आसपास. तिला आवरतो तो शॉकॲब्सॉर्बर. तो ढिला असेल तर टायर क्षणभर रस्ता सोडतो, आणि तेवढा वेळ ब्रेकही नाही, वळणही नाही. फार कडक केला तर बारीक खडीचा हादराही थेट बॉडीत जातो. आरामाला जो मऊपणा मानवतो, तो पकडीला पुरत नाही. म्हणून प्रत्येक गाडी म्हणजे तडजोडच.

टायरवर ठरावीक अंतराने खोलगट झीज दिसली, तर अलाइनमेंटबरोबर शॉकॲब्सॉर्बरही तपासून घ्या.